तृणमणी : पारख व निगा

तृणमणी : (अंबर, कहरुबा). प्राचीन काळच्या वृक्षांतून पाझरलेले रेझीन (राळेसारखे द्रव्य) जमिनीत गाडले जाऊन लक्षावधी वर्षांनी तयार झालेला जीवाश्म. हा खनिज नव्हे. त्याला स्फटिकी संरचना नसते. कठिनता २–२·५. वि. गु. १·०५–१·०९. भंजन शंखाभ. चमक रेझिनासारखी. रंग फिकट पिवळ्यापासून मधासारखा, तांबूस व तपकिरी. पारदर्शक ते दुधट अपारदर्शक. स्पर्शाला काचेपेक्षा उबदार व हाताला अतिशय हलका लागतो.

लोकरीवर घासला असता तो गवताच्या काड्या व कागदाचे कपटे ओढून घेतो. संस्कृतातील ‘तृणमणि’ हे नाव या गुणावरून पडले आहे. फार्सीतील ‘काहरुबा’ म्हणजेही गवत ओढून घेणारा. त्याचेच ‘कहरुबा’ हे रूप युनानी वैद्यकामार्फत मराठीत आले. ‘अंबर’ या नावाने मात्र नेहमीच घोटाळा होतो. अत्तरवाल्यांचा अंबर हा देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा सुगंधी पदार्थ असून त्याचा या मण्याशी काहीही संबंध नाही. अरबी भाषेतील एकच शब्द यूरोपात दोन्ही वस्तूंना लावला गेला व तेथून तो घोटाळा पुन्हा आपल्याकडे आला. या नोंदीत म्हणून तृणमणी हेच नाव वापरले आहे.

मराठवाड्याची भूमी बेसाल्टाची, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाची आहे. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर व त्याच्या आसपासचा प्रदेशही याच दगडावर वसलेला आहे. (हा भाग १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होता.) अशा भूमीत तृणमणी सापडत नाही, त्यामुळे येथील घरांतून आढळणारा प्रत्येक पिवळा मणी बाहेरून आलेला असतो. तसे येण्याचे मार्गही होते. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता व तेथे युनानी वैद्यकाला मोठा आश्रय होता. रक्तस्राव थांबविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ‘कुर्स-ए-कहरुबा’ या गोळीत तृणमण्याची पूड पडते. जपमाळ, तसबीह, मुलांच्या गळ्यातील ताईत व अंगठीतील खडा या रूपांनीही तो घरात येई. आजोबांपासून आलेली तसबीह खरी की खोटी, हा प्रश्न म्हणून केवळ सराफाचा राहत नाही. चुकीच्या रीतीने केलेली परीक्षा खऱ्या मण्याचा कायमचा नाश करते आणि चुकीचा निष्कर्ष खऱ्याला खोटा ठरवितो.

तोतया पदार्थ : तृणमणी म्हणून दाखविले जाणारे पदार्थ दोन अगदी निराळ्या वर्गांत मोडतात. पहिला कोपल. हाही वृक्षाचाच रेझीन असतो. फक्त तो कोवळा असतो. रेझीन झाडातून बाहेर पडल्यावर त्यातील उडून जाणारी द्रव्ये हळूहळू निघून जातात व उरलेले रेणू एकमेकांस जोडले जाऊन मोठे रेणू बनतात. या क्रियेला बहुवारिकीकरण म्हणतात. ती पुष्कळ पुढे गेली, की तृणमणी होतो; अर्ध्या वाटेवर असली, तर कोपल. बाल्टिक समुद्राच्या काठी सापडणारा तृणमणी सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीचा व उत्तर म्यानमारमधील हुकाँग खोऱ्यातील सुमारे ९·९ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. मादागास्करमधील कोपलाचे बहुसंख्य नमुने मात्र काही शेकडो वर्षांचेच आहेत. कोपलात कीटकही असतात व ते खरोखरच त्यात अडकलेले असतात. म्हणून ‘आत किडा आहे, म्हणजे तृणमणी’ हा समज चुकीचा आहे.

महाराष्ट्राला कोपल अपरिचित नाही. रोगणासाठी लागणारा ‘चंद्रस’ हा बाजारात याच नावाने ओळखला जाई. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जमिनीतून खणून काढलेला जांझिबारी कोपल एकोणिसाव्या शतकात मुंबईमार्गे यूरोपात जाई. त्याचा पृष्ठभाग पिसे उपटलेल्या कोंबडीच्या कातडीसारखा बारीक पुळीदार असतो. हा कोपलातील सर्वांत कठीण प्रकार असून पुढे दिलेल्या स्पिरिटाच्या परीक्षेत तोच अधिक फसवितो.

दुसरा वर्ग प्लॅस्टिकांचा. त्यांत एकोणिसाव्या शतकातील सेल्युलॉइड, दुधातील केसीन या प्रथिनापासून केलेले शिंगासारखे प्लॅस्टिक, १९०७ मध्ये बेकलंड यांनी शोधलेले बेकेलाइट व त्याच जातीची फिनॉलिक प्लॅस्टिके आणि अलीकडची ॲक्रिलिक, पॉलिस्टायरीन व पॉलिएस्टर ही येतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्य पूर्व व आफ्रिकेतील बाजारपेठांसाठी फिनॉलिक प्लॅस्टिकाचे मधाच्या रंगाचे मणी मोठ्या प्रमाणावर तयार होत. म्हणून वस्तू घरात ऐंशी वर्षांपासून आहे, हा तिच्या खरेपणाचा पुरावा ठरत नाही. बेकेलाइटाचे वयही आता तेवढे झालेले आहे.

मिठाच्या पाण्याची परीक्षा : घरी करता येणाऱ्या परीक्षांत ही सर्वांत निरुपद्रवी व म्हणून सर्वांत आधी करावयाची आहे. तृणमणी साध्या पाण्यात बुडतो. परंतु पुरेशा खाऱ्या पाण्यात तरंगतो. बहुतेक प्लॅस्टिके त्याहून जड असल्याने बुडतात. पाव लिटर (२५० मिलि.) पाण्यात ४५ ग्रॅ. मीठ पूर्ण विरघळविले असता त्या द्रावाचे वि. गु. सुमारे १·११ होते. वजनकाटा नसल्यास ताजे अंडे उपयोगी पडते. त्याचे वि. गु. १·०८ ते १·०९ असल्याने ते साध्या पाण्यात तळाला जाते, पण या द्रावात तरंगते व त्याच्या कवचाचा लहानसा भाग पाण्यावर दिसतो. अंडे शिळे असू नये; शिळ्या अंड्यात हवा वाढल्यामुळे ते कमी खाऱ्या पाण्यातही तरंगते.

या परीक्षेत नेहमी होणारी चूक मिठाच्या प्रमाणाची आहे. ‘मीठ विरघळेनासे होईपर्यंत घालावे’ असे पुष्कळदा सांगितले जाते. तसे केल्यास पाव लिटर पाण्यात सुमारे ९० ग्रॅ. मीठ सामावते आणि द्रावाचे वि. गु. १·२० पर्यंत चढते. ॲक्रिलिकाचे वि. गु. १·१८ ते १·१९ आहे. म्हणजे संपृक्त द्रावात ॲक्रिलिकाचा मणीही तरंगतो व तृणमणी म्हणून उत्तीर्ण होतो. ४५ ग्रॅमच्या द्रावात तो बुडतो. जास्त मीठ म्हणजे जास्त खात्री नव्हे.

परीक्षेपूर्वी मणी दोऱ्यातून काढून घ्यावा. धातूचे कोंदण असलेला खडा असा तपासता येत नाही. मण्याच्या छिद्रात हवेचा बुडबुडा अडकला, तर जड मणीही वर येतो. म्हणून मणी पाण्याखाली धरून हलवावा व बुडबुडा घालवावा. पाहून झाल्यावर मणी लगेच साध्या पाण्यात धुवून मऊ कापडाने कोरडा करावा. तसे न केल्यास छिद्रात व तड्यांत मीठ साठते.

बुडणारा मणी तृणमणी नाही, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. तरंगणाऱ्याबद्दल मात्र एवढेच कळते, की तो तृणमणी, कोपल अथवा पॉलिस्टायरीन यांपैकी काही असू शकेल. कोपलाचे वि. गु. १·०३–१·०८ व पॉलिस्टायरिनाचे १·०४–१·०६ असल्याने ती दोन्ही तरंगतात.

विद्रावकाची परीक्षा : कोपलातील रेणू पुरते जोडले गेलेले नसल्यामुळे स्पिरिट (अल्कोहॉल) किंवा ॲसिटोन लागताच त्याचा पृष्ठभाग मऊ व चिकट होतो. मुरलेला बाल्टिक तृणमणी थोड्या वेळात बदलत नाही. परीक्षेसाठी मण्याच्या छिद्राची आतली कड निवडावी. तेथे डाग पडला तरी दिसत नाही. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून तो तीव्र स्पिरिटात बुडवावा, त्या कडेवर सुमारे अर्धा मिनिट टेकवावा आणि लगेच कोरडा कापूस दाबून पहावा. कापसाचे तंतू चिकटले किंवा पृष्ठभाग मंद झाला, तर तो बहुधा कोपल असतो. पॉलिस्टायरिनावर स्पिरिटाचा परिणाम होत नाही. म्हणून स्पिरिटाने काही न घडल्यास त्याच रीतीने ॲसिटोन (नखरंग काढण्याच्या काही द्रवांत हा असतो, सर्वांत नव्हे) पाच ते दहा सेकंद लावावा. पॉलिस्टायरीन त्याने तत्काळ चिकट होते. जांझिबारी कोपलासारखा कठीण कोपल स्पिरिटाला दाद देत नसला, तरी ॲसिटोनाने त्याची चमक जाण्याचा संभव असतो. हे काम खिडकी उघडी ठेवून व आसपास दिवा अगर शेगडी नसताना करावे. दोन्ही द्रव चटकन पेट घेतात.

येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. मण्यावर रोगण चढविलेले असल्यास ते विरघळते आणि खरा मणीही चिकट वाटतो. अशा वेळी छिद्राच्या आत, रोगण न पोचलेल्या जागी पुन्हा पहावे. दुसरी अधिक महत्त्वाची असून ती भारतीय तृणमण्याबद्दल आहे.

भारतीय तृणमण्याचा अपवाद : गुजरातमधील सुरत जिल्ह्यात वस्तान येथे लिग्नाइटाच्या (कोवळ्या कोळशाच्या) खाणीत तृणमणी विपुल आढळला आहे. त्याला खंबायत तृणमणी म्हणतात. तो सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे बाल्टिक तृणमण्याहूनही जुना आहे. येस रुस्ट, हुकमसिंग, डेव्हिड ग्रिमाल्डी इत्यादींनी २०१० मध्ये त्यातील जीवाश्मांचे वर्णन प्रसिद्ध केले. सुमारे १५० किग्रॅ. तृणमण्यातून सातशेहून अधिक कीटक व इतर संधिपाद प्राणी मिळाले व त्यांत ५५ कुले ओळखली गेली. भारतीय भूखंड आशियाला येऊन मिळण्यापूर्वी दीर्घकाळ एकाकी होता, असे मानले जाई. तसे असते तर येथील कीटक वेगळे व स्थानिक असावयास हवे होते. प्रत्यक्षात त्यांचे आप्त इतर खंडांत आढळले. त्यावरून त्या भूखंडाचा इतर प्रदेशांशी जीवजातींचा काही संबंध आधीपासून होता, असा निष्कर्ष निघाला.

हा तृणमणी शालकुलातील (डिप्टेरोकार्पेसी) वृक्षांच्या रेझिनापासून झाला आहे. घरात धूप म्हणून जाळली जाणारी व मलमात पडणारी साल वृक्षाची राळ याच कुलातील होय. तिला या तृणमण्याची हयात भावकी म्हणावयास हरकत नाही. या कुलातील रेझिनांना दामर म्हणतात. त्यांचे बहुवारिकीकरण बाल्टिक तृणमण्याच्या मानाने कमी घट्ट असते. परिणामी पाच कोटी वर्षे जमिनीत राहूनही खंबायत तृणमणी टोल्यूइन, क्लोरोफॉर्म यांसारख्या विद्रावकांत विरघळतो. संशोधकांनी याच गुणाचा उपयोग करून घेतला आणि तृणमणी विरघळवून त्यातील सूक्ष्म कीटक अखंड बाहेर काढले. बाल्टिक तृणमण्याबाबत हे शक्य होत नाही.

‘विरघळतो, म्हणून कोपल’ हा बहुतेक पुस्तकांत दिलेला नियम यामुळे पूर्ण खरा ठरत नाही. तो बाल्टिक तृणमण्याच्या अनुभवावरून बनला असून त्या जातीपुरताच विश्वासार्ह आहे. विद्राव्यता ही रेझिनाच्या वयापेक्षा त्याच्या रासायनिक जातीवर अधिक अवलंबून असते. बाजारातील घडीव मण्यांत बाल्टिक मालच अधिक असल्याने व्यवहारात नियम चालून जातो. परंतु गुजरातच्या लिग्नाइट खाणीतून कोणी आणलेला ओबडधोबड पिवळा खडा ॲसिटोनने चिकट झाला म्हणून फेकून देणे चुकीचे होईल. तो कोठून व कोणत्या थरातून आला, ही माहिती अशा वेळी कोणत्याही द्रवापेक्षा जास्त सांगते.

इतर परीक्षा : घर्षणाची परीक्षा जुनी व मनोरंजक असली, तरी तिची किंमत थोडी आहे. प्लॅस्टिकेही कपटे ओढतात, काही तर तृणमण्याहून जोराने. आणि पावसाळ्यातील दमट हवेत खरा मणीही काही ओढत नाही. फक्त काच वेगळी करण्यास व घासताना गरम होऊन चिकट लागणारा कोपल ओळखण्यास ती उपयोगी पडते.

तापलेल्या सुईची परीक्षा फार प्रसिद्ध आहे. पण ती करू नये, असाच सल्ला द्यावा लागेल. तृणमण्याला टोचल्यास पाइनच्या राळेसारखा वास येतो, कोपलात सुई सहज व खोल शिरते, बेकेलाइटाला कार्बॉलिक अम्लाचा व केसिनाला जळक्या दुधाचा किंवा केसांचा वास येतो. हे सर्व खरे असले, तरी प्रत्येक वेळी मण्याला कायमचे भोक पडते व तेथून तडे जातात. वासांची सवय नसणाऱ्याला राळ व कोपल यांचा भेद बहुधा कळतही नाही. वस्तू सेल्युलॉइडाची निघाल्यास ती भडकन पेटते, हा धोका वेगळाच.

जंबुपार किरणांचा दिवा आता नोटा तपासण्यासाठी पुष्कळ दुकानांतून असतो. अंधारात त्याखाली बाल्टिक तृणमणी निळसर पांढरा किंवा पिवळट हिरवा उजळतो; कोपल बहुधा मंद पांढुरका दिसतो आणि कित्येक प्लॅस्टिके मुळीच उजळत नाहीत. अपवाद बरेच असल्याने हा दिवा निर्णय देण्यापेक्षा माळेतील वेगळे मणी शोधण्यास चांगला. तीस मणी एका रंगाने व तीन दुसऱ्याच रंगाने उजळले, तर ते तीन मागाहून घातलेले असावेत, असे समजावे.

एका माळेची तपासणी : समजा, आखाडा बाळापूर येथील एका घरात ३३ मण्यांची व शेंड्याला एक मोठा ‘इमाम’ मणी असलेली पिवळी तसबीह आहे. प्रथम ती दिव्याखाली पाहिली असता २९ मणी निळसर, तीन जवळजवळ काळे व एक वेगळ्या निळ्या छटेचा दिसतो. इमाम मणी मंद पांढुरका आहे. माळ सोडवून मणी ज्या क्रमाने होते, त्याच क्रमाने कागदावर मांडावेत. नंतर प्रत्येक प्रकारचा एक मणी घेऊन त्याचे वि. गु. काढावे. त्यासाठी सराफाचा ग्रॅमच्या शतांशापर्यंत वजन दाखविणारा काटा पुरतो. आधी मणी नुसता तोलावा. मग पाण्याचा लहान पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि मणी बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल, परंतु तळाला व कडेला लागणार नाही असा हाताने अधांतरी धरावा. त्या वेळी काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे मण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. पहिल्या वजनाला या आकड्याने भागले, की वि. गु. मिळते.

निळसर उजळणारा मणी नुसता २·७० ग्रॅ. भरला व पाण्यातील आकडा २·५० आला, तर वि. गु. १·०८ होते. काळ्या दिसणाऱ्या मण्याचा आकार तेवढाच, म्हणून पाण्यातील आकडाही २·५०. पण वजन ३·२० ग्रॅ., म्हणजे वि. गु. १·२८. हे बेकेलाइट होय. पुढे काही करण्याची गरज नाही. वेगळ्या छटेचा एकटा मणी २·६३ ग्रॅ. भरतो, वि. गु. १·०५. इमाम मणी ६·३६ ग्रॅ. व पाण्यातील आकडा ६·००, वि. गु. १·०६. उरलेल्या तिन्ही प्रकारांत वजनावरून भेद करता येत नाही. आता स्पिरिट लावल्यावर इमाम मण्याला कापूस चिकटतो. तो कोपल ठरतो. एकट्या मण्यावर स्पिरिटाने काही होत नाही, परंतु ॲसिटोनाने तो चिकट होतो. तो पॉलिस्टायरिनाचा असून हरवलेल्या मण्याच्या जागी मागाहून ओवलेला असावा. निळसर मण्यावर दोन्हींचा परिणाम होत नाही. ते २९ मणी बाल्टिक जातीचा तृणमणी आहेत, असे मानण्यास आधार मिळतो.

‘आधार मिळतो’ यापुढे घरगुती परीक्षा जात नाहीत. तृणमण्याचा चुरा उष्णता व दाब देऊन एकजीव केलेला दाबीव तृणमणी या सर्व परीक्षांत खऱ्यासारखाच वागतो. भिंगातून दिसणाऱ्या प्रवाहासारख्या रेषा व लांबोडके बुडबुडे एवढेच त्याचे चिन्ह असते. कोपल बंद पात्रात दाबाखाली तापवून त्याला कृत्रिम रीत्या ‘म्हातारा’ करण्याची युक्तीही आता वापरात आहे. असा कोपल ॲसिटोनाला पुष्कळ वेळ तोंड देतो. माळेची किंमत मोठी असेल, तर अवरक्त वर्णपटाची परीक्षा करवून घ्यावी. तिला राईएवढा कण पुरतो. १९६४ च्या सुमारास अमेरिकेतील कर्ट बेक यांनी ती तृणमण्यास लावली. बाल्टिक तृणमण्याच्या वर्णपटात १,१६० सेंमी.⁻¹ या शिखराच्या अलीकडे एक सपाट ‘खांदा’ असतो व तो इतर कोणत्याही रेझिनात तसा दिसत नाही. कोपलात ८८८ सेंमी.⁻¹ च्या जवळ ठळक शिखर असते. रेझीन जसजसा मुरतो, तसतसे ते मंदावते.

निगा : तृणमण्याला मुख्य धोका उष्णता, ऊन व कोरडी हवा यांचा असतो. हवेतील ऑक्सिजनाशी त्याची सतत मंद विक्रिया चालू असते. तिने पृष्ठभाग प्रथम गडद होतो, नंतर त्यावर जाळीसारखे तडे पडतात व अखेर पूड सुटू लागते. मराठवाड्याचा उन्हाळा हा त्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट काळ होय. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात दुपारी बरीच उष्णता साठते. माळ अशा कपाटात न ठेवता आतल्या खोलीतील लाकडी पेटीत, मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावी. सोन्याचांदीच्या दागिन्यांबरोबर एकाच डबीत ठेवल्यास तिच्यावर ओरखडे पडतात, कारण तृणमणी नखाएवढाच अथवा किंचित अधिक कठीण असतो. पेटीत कापूर किंवा डांबरगोळ्या ठेवू नयेत. त्यांची वाफ रेझिनावर बसून त्याला मंद व चिकट करते. अत्तर, केसांचे फवारे व स्पिरिट यांपासून माळ दूर ठेवावी. अत्तर आधी लावून वाळू द्यावे व मग माळ हाती घ्यावी.

स्वच्छतेसाठी कोमट पाण्यात पिळलेले मऊ कापड पुरते. साबणाचे पाणी वापरल्यास थोडे व सौम्य असावे, आणि माळ त्यात भिजत ठेवू नये. सराफाकडील श्राव्यातीत लहरींच्या यंत्राने तड्यांत भेगा वाढतात. तेथे ती देऊ नये. मंद पडलेल्या मण्याला खोबरेल लावून चकाकी आणण्याची रीत घरोघर आढळते. तेल तड्यांत शिरते, तडे काही काळ दिसेनासे होतात व मणी नवा झाल्यासारखा भासतो. पण तेच तेल पुढे धूळ धरून ठेवते व नंतर काढता येत नाही. फुटलेला मणी घरी डिंकाने अथवा झटपट चिकटणाऱ्या द्रवाने जोडू नये. तुकडे कागदाच्या पुडीत, मूळ मण्याचा क्रम लिहून ठेवावेत.

माळ पुन्हा ओवताना दोन मण्यांमध्ये गाठ मारावी. त्यामुळे मणी एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटल्यास सर्व मणी सांडत नाहीत. दोरा रेशमी किंवा सुती घ्यावा. छिद्राच्या कडेला खडबडीतपणा असल्यास तो कोरून काढू नये. दोराच वारंवार बदलावा.

वरील माळेतील कोपलाचा इमाम मणी परत ओवावा की नाही, हा घरच्यांच्या भावनेचा प्रश्न आहे. ओवल्यास मात्र तो इतरांआधी तडकणार, हे लक्षात ठेवावे. कोपलाला उष्णता अधिक बाधते. बेकेलाइटाचे मणी काळानुसार गडद होतात, पण शेजारच्यांना अपाय करीत नाहीत. सेल्युलॉइडाचा मणी मात्र निघाला, तर तो निराळा ठेवावा. जुने सेल्युलॉइड कुजताना अम्लधर्मी वायू सोडते व त्याने जवळच्या चांदीच्या तारा, कड्या व दोरा खराब होतात.